केतकीच्या वहीचं मागचं पान

*ताई, मी एस.वाय.ला आहे. कॉलेजच्या वार्षिकांकासाठी कथा लिहिलीय. दहावीतली केतकी, वर्गात सरांनी नाव घेतलं की थरथर कापते. हळूहळू तिच्या लक्षात येतं की गणिताच्या सरांच्या प्रश्नांना एक क्रम आहे, तिच्या आधी शेजारच्या ओंकारला जे विचारतात त्यातच तिच्या उत्तराची किल्ली असते. शेवटी निरोप समारंभात सर स्वतःच तिला हे सांगतात. एक मैत्रीण म्हणाली पहिल्याच पानावर कळलं, दुसरी म्हणाली शेवट वाचूनही नीट कळलं नाही. अंकाच्या मॅडम म्हणतात ट्विस्ट टाक आणि 1500 शब्दांत बसव, माझे 2400 झालेत. आणि खरं सांगू का, हे माझ्याच बाबतीत घडलंय, पण सर मुद्दाम करत होते की मलाच तसं वाटलं हे आजही माहीत नाही. सरांना आधी विचारून घेऊ का? न विचारता लिहिलं तर खोटं होईल ना?*
*– पाठवू की नको, सांगली*

अगं, आधी त्या दोन मैत्रिणींचं बघू, कारण तुला वाटतंय त्यातली एक बरोबर आणि एक चूक असणार. दोघीही बरोबर आहेत. पहिल्या पानावर तू सांगून टाकलंयस म्हणून पहिलीला कळलं, आणि मधल्या पानांवर दाखवलंच नाहीस म्हणून दुसरीला शेवटीही कळलं नाही. तू कथेचा तुकडा पाठवलायस त्यात तिसऱ्याच ओळीत आहे की "सर वरून कडक पण आतून फणसासारखे होते". झालं की. फणस आला म्हणजे गरे आलेच, आता वाचणारी पुढची सगळी पानं नुसती गरे कधी निघतात याची वाट बघत बसणार.

आणि मग मधे काय आहे, तर केतकीच्या छातीत धडधड, हाताला घाम, घशाला कोरड, हे तीनदा आलंय. घाबरलेल्या मुलीचं वर्णन म्हणून हे कुणालाही चालेल, परीक्षेला चाललेल्या, इंटरव्ह्यूला चाललेल्या, दाखवायच्या कार्यक्रमाला बसलेल्या. वर्गात घाबरणारं पोर प्रत्यक्षात काय करतं माहितीय का? ते मोजतं. आपली पाळी कधी येणार याचा हिशोब करत बसतं. आमच्या शाळेत एक बाई तारखेवरून रोल नंबर उठवायच्या, 4 तारीख असली की 4, 14, 24, 34, आणि वर्गात 62 पोरं. माझा नंबर 27 होता आणि 7, 17, 27 या तीन तारखा मला आजही कॅलेंडरवर वेगळ्या दिसतात, खोटं नाही सांगत. घाबरट पोरांना वर्गाचा जेवढा बारीक अभ्यास असतो तेवढा हुशार पोरांना नसतो, कारण हुशार पोरांना गरजच नसते.

म्हणून माझं पहिलं म्हणणं असं की तुझ्या केतकीच्या वहीचं मागचं पान उघड. तिथे तिने पेन्सिलीने लिहून ठेवलंय कुणाला कधी विचारलं. आधी तिला वाटतं तारखेवर आहे, मग 14 तारखेला 14 नंबर सुटतो आणि 9 नंबरला उभं करतात, हिशोब फसतो. मग वाटतं बाकावर आहे, खिडकीकडून दाराकडे, तोही दोन दिवसात फसतो. हे दोन चुकीचे अंदाज पाच-पाच ओळींत उरकायचे, लांबवायचे नाहीत, पण पाहिजेतच, कारण त्यामुळे वाचणाऱ्याला कळतं की मुलगी क्रम शोधतेय आणि तो तिला नक्की कुठे सापडणार हे मात्र कळत नाही. शिवाय ती क्रम का शोधतेय? सरांचं मन ओळखायचंय म्हणून नाही, आपली पाळी चुकवायचीय म्हणून. भीतीपोटी केलेली ती नोंदच नंतर तिला खरं काय ते दाखवते. धडधड, घाम, कोरड सगळं काढून टाक, ते एक पान पुरेसं आहे, आणि तुझे तीन-चारशे शब्द तिथेच वाचतील.

आता खरा क्रम. तू लिहिलंयस की "सर नेहमी ओंकारला असा प्रश्न विचारायचे ज्यातून केतकीला मदत व्हायची". हे वाक्य म्हणजे कथेचा सारांश झाला, कथा नाही. प्रश्न कुठेत? मला गणिताचे खरे प्रश्न दिसले पाहिजेत. दहावीचंच पुस्तक घे, मी तीन करून दाखवते, तुला आवडले नाहीत तर तुझे घाल.

पहिला दिवस. वर्गसमीकरणं चाललीत. सर ओंकारला विचारतात, "असे दोन आकडे सांग, बेरीज 11, गुणाकार 30." ओंकार म्हणतो 5 आणि 6. बस. "केतकी, x² + 11x + 30 चे अवयव पाड." ती उभी राहते, काहीतरी पुटपुटते, आणि उत्तर बरोबर येतं, (x + 5)(x + 6). इथे वाचणाऱ्याला काहीच वाटता कामा नये. एका तासात लागोपाठ असे प्रश्न येणारच, त्यात काय एवढं. केतकीलाही फक्त सुटल्याचं वाटतं.

दुसऱ्या वेळी लपवायचं. इथे एक जुनी युक्ती आहे, रहस्यकथा लिहिणारे सर्रास वापरतात, की महत्त्वाची गोष्ट यादीच्या मधोमध ठेवायची, कारण आपलं लक्ष पहिल्या आणि शेवटच्या गोष्टीवर जास्त राहतं. तर सर तासाच्या सुरुवातीला धडाधड तोंडी वर्ग विचारतायत, एकाला 11 चा, ओंकारला 13 चा, मागच्या कुणालातरी 16 चा, मग कुणाचातरी डबा बाकाखाली वाजतो त्यावरून बोलणी, मग फळ्यावर काटकोन त्रिकोण. आणि पंधरा मिनिटांनी, "केतकी, काटकोन करणाऱ्या बाजू 5 आणि 12. कर्ण?" ती 25 अधिक 144 करते, 169 येतात, आणि एरवी जिथे ती अडकली असती, की 169 हा कशाचा वर्ग, तिथे तिला ओंकारचा आवाज ऐकू येतो. इथे तिलाही अजून क्रम म्हणून कळत नाहीये, नुसतं कुठेतरी खुट्ट होतं. घरी जाऊन ती मागच्या पानावर स्वतःच्या नावाशेजारी पहिल्यांदाच ओंकारचं नाव लिहिते. का लिहिते ते तू सांगायचं नाहीस.

तिसऱ्या वेळी त्रिकोणमिती, ओंकारला sin 30° ची किंमत, आणि तो "एक छेद दोन" म्हणतो तेव्हा केतकी आधीच वही बंद करून उठायच्या तयारीत बसलेली. प्रश्न येतो, जमिनीशी 30 अंशाचा कोन करून भिंतीला टेकवलेली 10 मीटरची शिडी भिंतीवर किती उंचीला टेकते. तिने 5 मीटर हे उत्तर दिलं की तिला कळलं आणि वाचणाऱ्यालाही कळलं, दोघांना एकदमच, फार तर वाचणाऱ्याला अर्धी ओळ आधी. तीनच वेळा. दोनला योगायोग वाटतो, चौथ्याला कंटाळा येतो. तुझ्या कथेत सहा प्रसंग आहेत असं तू म्हणतेस आणि एकातही पूर्ण प्रश्न नाही, म्हणजे 2400 शब्द गेले कुठे ते बघ.

अजून एक बारीक गोष्ट आहे, वापरलीस तर बघ. मेरी बड रो म्हणून एक अमेरिकन संशोधक होत्या, त्यांनी 1970 च्या आसपास वर्गांतल्या बोलण्याच्या टेप ऐकून मोजलं की शिक्षक प्रश्न विचारून किती वेळ थांबतात. साधारण एक सेकंद. एका सेकंदात उत्तर आलं नाही की शिक्षक स्वतः बोलतात किंवा दुसऱ्याला विचारतात. हा थांबा तीन सेकंदांपर्यंत वाढवला की मुलांची उत्तरं लांब होतात, न बोलणारी मुलंही बोलायला लागतात. आणि बोचणारी गोष्ट म्हणजे ज्यांना शिक्षक कच्चे समजतात त्यांच्यासाठी ते आणखी कमी थांबतात असंही त्यांना दिसलं होतं. आता हे सगळं कथेत घालायचं नाहीये, घातलंस तर मी स्वतः येऊन खोडेन. पण तुझे सर केतकीला विचारून झाल्यावर काय करतात ते दाखव. चष्मा काढून शर्टाच्या टोकाला पुसतात, खडू शोधतात, खिडकीशी जाऊन बाहेर काय आवाज झाला ते बघतात. बाकीच्यांना विचारल्यावर चष्मा पुसायची गरज पडत नाही. तीन सेकंद फार कमी वाटतात ना? घड्याळ लावून कुणाकडे तरी बघत गप्प बसून बघ, वर्गात तर ते युगासारखे वाटतात. या चष्म्यामुळे तुला "सर खूप समजूतदार होते" हे वाक्य काढता येईल.

आता मॅडमच्या ट्विस्टचं. मॅडमचं मला अर्धं पटतं. ट्विस्ट म्हणजे काहीतरी धक्कादायक, सरांना कॅन्सर वगैरे, तसलं काही घालू नकोस, वार्षिकांकात त्या रोगाने आजवर पुरेसे शिक्षक गेलेत. पण कथेला वळण हवंय हे खरं, आणि ते तुझ्या शेवटात नाही, कारण निरोप समारंभात सर समजावून सांगतात म्हणजे केतकीने काहीच केलं नाही, तिला उत्तर हातात मिळालं. आख्खी कथाभर ज्या माणसाने तिला एकही उत्तर हातात दिलं नाही तोच शेवटी सगळ्यात मोठं उत्तर देऊन टाकतो, हे त्या माणसाला शोभत नाही.

तू पत्रात जे विचारलंयस ना, मुद्दाम करत होते की मला तसं वाटलं, तेच कथेच्या मधोमध आण. केतकीलाही हीच शंका येऊ दे. आणि असली शंका तपासायची कशी? क्रम खरा आहे का हे तो चालू असताना कळत नाही, तो मोडायची वेळ आली की कळतं. म्हणून एक दिवस ओंकारला गैरहजर ठेव. गालगुंड झालंय, गावी गेलाय, काहीही. बाक अर्धा रिकामा. केतकीला वाटतं आज मेले, किंवा आज सुटले, काय वाटतं ते तू ठरव. समीकरणांचाच तास, विवेचक काढायचा चाललाय. सर फळा पुसतात, पण उजव्या कोपऱ्यातलं कच्चं काम पुसायचं राहतं, तिथे बारीक अक्षरात 49 − 40 = 9 असं काहीतरी आहे. आणि मग, "केतकी, x² − 7x + 10, विवेचक काढ आणि मुळं कशी ते सांग." ती तोंडातल्या तोंडात b² − 4ac म्हणते, सातचा वर्ग करते आणि तिची नजर त्या कोपऱ्यावर जाते. सर चष्मा पुसतायत. ती म्हणते, 9, शून्यापेक्षा मोठा, म्हणून मुळं वास्तव आणि असमान. सर कोपरा पुसून टाकतात.

हाच तुझा ट्विस्ट. कुणीही काहीही बोललेलं नाही आणि आता योगायोग म्हणायला जागा फारशी उरलेली नाही. फारशी म्हणते, अजिबात नाही असं नाही, कारण फळ्याचा कोपरा पुसायचा राहूही शकतो, आणि तेवढी फट राहू दे, ती तू बुजवू नकोस.

यातच तुझ्या पुढच्या प्रश्नाचं उत्तर आहे. तू धरून चाललीयस की सरांचा हेतू माहीत नसेल तर लिहिणं खोटं. पण कथा सरांची नाहीये ना, बघणाऱ्या मुलीची आहे. तिने जे पाहिलं, मोजलं आणि त्यावरून जे ठरवलं ते खरं असलं की झालं. तुझ्या खऱ्या सरांना फोन करून विचारलंस तर दोनच उत्तरं येणार, "हो गं, मुद्दामच करायचो" किंवा "छे, मला तर आठवतही नाही", आणि दोन्ही उत्तरांनी तुझी कथा लिहून व्हायच्या आधीच बंद होईल, पहिल्याने ती सत्कार होईल आणि दुसऱ्याने तू रुसशील. म्हणून आधी लिहून संपव, मग हवं तर छापलेला अंक घेऊन पेढ्यांसकट जा त्यांच्याकडे. आणि छापण्याआधी ओळख पुसायचीच असेल तर नुसतं नाव बदलून भागत नाही, गावात सगळ्यांना कळतं. सवयी बदल, शाळा बदल, सरांच्या जागी बाई कर. तुझे सर खरोखरच चष्मा पुसायचे असतील तर कथेतल्या बाई डस्टर शोधू देत.

एक गोष्ट मात्र मला पहिल्या वाचनापासून टोचतेय आणि तुला ती दिसलीच नाहीये असं वाटतं. ओंकार. वर्षभर त्याला काय विचारलं गेलं? 13 चा वर्ग. 5 आणि 6. एक छेद दोन. सगळे कोरडे तुकडे, आणि त्याने पाया घातला की मजला केतकीचा. वर्गाला वाटणार शिडीचं गणित केतकीने सोडवलं. त्याला कधी वाटलं नसेल का की सर मला येडा समजतात, चौथीतले प्रश्न विचारतात? तू सरांकडे केतकीच्या डोळ्यांनी बघून ठरवून टाकलंस की ही सगळी माया आहे, पण एकाच्या मायेचा खर्च दुसऱ्याच्या खात्यातून होत असतो कधीकधी. मी सरांना वाईट म्हणत नाहीये, 60 पोरांच्या वर्गात माणूस जे हाताशी असेल ते वापरतो. पण हे कथेत आलं तर ती कौतुकाच्या भाषणातून बाहेर पडेल.

आणि मला वाटतं तुझा शेवट तिथेच आहे. निरोप समारंभ काढ, सातशे शब्द गेले, तुझा 1500 चा प्रश्नही मिटला. त्याऐवजी साधा फेब्रुवारीतला उजळणीचा तास घे. सर केतकीला उठवतात आणि विचारतात, "पाव आणि पाऊण मिळून किती?" वर्ग हसतो. ती लाल होते, एवढं वर्षभर केल्यावर हे विचारायचं मला? "एक," म्हणते आणि धपकन बसते. मग सर शेवटच्या बाकावरच्या त्या पोराकडे वळतात ज्याचा आवाज वर्षभरात कुणी ऐकलेला नाही, आणि त्याला विचारतात, sin²30° + cos²30° किती. आणि चष्मा काढतात.

पुढे तो काय बोलतो ते लिहायचं की नाही ते तू बघ. मी असते तर त्याने तोंड उघडायच्या आधी थांबले असते, फार तर केतकी शेजारी ओंकारकडे बघते एवढं ठेवलं असतं. काय नजरेने बघते तेही नाही.

निवेदनाचं राहिलं. तू "आज मागे वळून बघताना कळतं" असं चार ठिकाणी लिहिलंयस, ती चारही काढ. कथा सांगणारी केतकी दहावीतलीच राहू दे, तिला त्या त्या दिवशी जेवढं माहीत तेवढंच वाचणाऱ्याला माहीत. मोठी झालेली केतकी मधे आली की ती मागे उभं राहून उत्तर फोडते, सुपरव्हिजनला फितूर माणूस असावा तशी.

लिहून झालं की पुन्हा त्याच दोन मैत्रिणींना देऊ नकोस, त्यांना आता माहितीय. तिसरी शोध, गणिताचा तिटकारा असलेली असेल तर उत्तम, आणि "कशी वाटली" असं विचारू नकोस कारण त्यावर सगळे "मस्त" म्हणतात. तिच्या हातात पेन्सिल दे आणि सांग, जिथे काहीतरी चाललंय असं वाटेल तिथे टिंब कर. टिंब कर्णाच्या गणितापाशी आलं तर झकास. अवयवांपाशीच आलं तर ओंकारचा पहिला प्रश्न आणि केतकीचा प्रश्न यांच्यामधे अजून एक पोर उभं कर. शिडी होऊन गेली तरी टिंब नाही, तर मधला डब्याचा गोंधळ कमी कर, तू फारच लपवलंयस. आणि टिंब शीर्षकावर आलं तर, अगं, "आधाराची पायरी" हे शीर्षक तू ठेवलंयस, त्यावर येणारच टिंब, ते तर आजच बदल.